पेव्हर ब्लॉकवर चाकोऱ्या पडल्या असतील, तर वाळू वाढवण्याआधी बेस तपासा

प्रश्न: "घरासमोर 3 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब ड्राइव्हवेवर दोन वर्षांपूर्वी 60 मिमी जाडीचे इंटरलॉकिंग पेव्हर ब्लॉक बसवले होते. आता गाडीच्या चाकांखाली दोन चाकोऱ्या पडल्या आहेत, एका बाजूचे ब्लॉक बाहेर सरकले आहेत आणि पाणी साचते. मिस्त्री म्हणतात की ब्लॉक उचलून खाली आणखी वाळू टाकू, हवे तर त्यात सिमेंट मिसळू. हे बरोबर आहे का? वाळू किती जाड असावी?"

वाळू पसरताना ती साधारण 30 मिमी असावी. ब्लॉक ठोकून बसल्यावर ती 25 मिमीच्या आसपास राहते. तिची जाडी सगळीकडे सारखीच असायला हवी आणि तिच्यात सिमेंट मिसळू नये. आता मिस्त्रींच्या सूचनेविषयी. वाळू आणखी टाकल्याने चाकोरी बुजेल, पण काही महिन्यांत ती त्याच जागी पुन्हा उमटेल, कारण वाळू हा भार पेलणारा थर नाही. ती ब्लॉकच्या तळाला नीट टेकण्यापुरती एक गादी आहे. गाडीचे वजन खडीचा थर, म्हणजे बेस, पेलतो आणि ते खालच्या जमिनीवर पसरवतो. त्यामुळे आपल्याकडे नेमके काय बिघडले आहे हे आधी ठरवावे लागेल, आणि ते ब्लॉक उघडल्याशिवाय कोणालाही, मलाही, सांगता येणार नाही.

उघडून पाहणे फार अवघड नाही. ड्राइव्हवेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, जिथे चाकोरी सर्वांत खोल आहे तिथे, एक दोरी घट्ट ताणावी आणि तिच्याखालची ब्लॉकची एक ओळ अलगद काढावी. पहिला ब्लॉक निघायला त्रास देतो. दोन पातळ स्क्रू ड्रायव्हर समोरासमोरच्या सांध्यांत घालून तो हलवत हलवत वर घ्यावा. तो फार सहज निघाला, तर सांध्यांत वाळू उरलेली नाही ही एक खूण आपोआपच मिळते. मग दर 20 सेंटीमीटरवर तीन मापे घ्यावीत: ब्लॉक काढण्यापूर्वी दोरीपासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतचे अंतर, ब्लॉक काढल्यावर वाळूची जाडी, आणि वाळू हळूच बाजूला सारून दोरीपासून खडीच्या थरापर्यंतचे अंतर. ही मापे कागदावर एकाखाली एक लिहिली की दोष कोणत्या थरात आहे ते दिसू लागते.

चाकाखाली आणि बाजूला वाळूची जाडी सारखीच असेल, पण चाकाखाली खडीचा थरच खोल गेलेला असेल, तर बेस किंवा त्याखालची जमीन खचली आहे. अशी चाकोरी वरून पाहताना रुंद आणि पसरट दिसते. खडीचा थर सरळ असेल आणि चाकाखाली वाळू पातळ झालेली असेल, तर वाळू तिथून निघून गेली आहे, एकतर खडीच्या पोकळ्यांत किंवा सांध्यांतून वर. तिसरी शक्यता सर्वांत फसवी असते: चाकाखाली वाळू बाजूपेक्षा जाड निघते. म्हणजे बेस मुळातच तिथे खोलगट होता आणि तो खड्डा वाळूने भरून वरचा पृष्ठभाग तेवढा सपाट केला होता.

ही तिसरी चूक मी स्वतः केलेली आहे. काम सुरू केले त्या काळात असाच 3 मीटर रुंदीचा एक ड्राइव्हवे मी बांधला. खडी दाबून झाल्यावर डाव्या चाकाच्या पट्ट्यात मोठी खोलगट जागा राहिली होती. संध्याकाळ झाली होती, रोलर परत द्यायचा होता आणि "वाळूत निघून जाईल" असे म्हणून मी पुढे गेलो. एका पावसाळ्यानंतर मालकांनी बोलावले, तेव्हा तिथे 22 मिमी खोल चाकोरी पडली होती. दोरी ताणून उघडले तेव्हा मधोमध वाळू 28 मिमी होती आणि चाकोरीखाली 48 मिमी. म्हणजे दोरीपासून खडीचा थर मध्यभागी 60 अधिक 28, असा 88 मिमीवर होता आणि चाकोरीत 22 अधिक 60 अधिक 48, असा 130 मिमीवर. बेसमध्ये 42 मिमीचा फरक होता. ब्लॉक बसवले त्या दिवशी पृष्ठभाग सपाट होता, तेव्हा त्या जागी वाळू सुमारे 70 मिमी असणार, आणि तिचे 22 मिमी गाडीच्या चाकाने दाबून काढले. खडीचा थर तिथेही कठीण होता. 12 मिमीची सळई हातोडीने ठोकूनही आत जात नव्हती. 70 मिमी वाळू वरून कितीही ठोकली तरी खोलवर नीट दाबली जात नाही. ती पुढे गाडीच भिजल्या दिवसांत दाबते, आणि गाडी फक्त चाकाखालीच दाबते.

तेव्हापासून एक नियम मी सोडलेला नाही. खडीच्या थराचा पृष्ठभाग दोरीपासून किंवा 3 मीटरच्या सरळ पट्टीपासून 10 मिमीपेक्षा जास्त वरखाली असेल, तर वाळूची गाडी रिकामी करायची नाही. खोलगट जागी वरून खडीचा पातळ थर टाकूनही भागत नाही, कारण 15-20 मिमीचा थर जुन्या थराला चिकटत नाही आणि पापुद्र्यासारखा सुटतो. तिथला वरचा 50-75 मिमी थर कुदळीने उकरून मोकळा करावा, त्यात नवा माल मिसळावा, पाणी मारावे आणि सगळे एकत्र दाबावे.

आता बेसच खचलेला निघाला तर काय, तेही सांगतो, कारण आपल्या वर्णनावरून मला तीच शंका जास्त आहे. येथे खालच्या जमिनीवर बरेच अवलंबून आहे. मुरमाड किंवा वाळूमिश्रित कठीण जमीन असेल आणि ड्राइव्हवेवर केवळ कार जात असेल, तर दाबून झालेला 150 मिमी खडीचा थर पुरेसा होतो. त्या हिशोबाने खोदाई 60 मिमी ब्लॉक, 25 मिमी वाळू आणि 150 मिमी खडी, अशी 235 मिमी होईल. जमीन काळी, पाण्याने फुगणारी आणि सुकल्यावर भेगाळणारी असेल, तर याखाली आणखी 100 ते 150 मिमी मुरूम किंवा जाड खडीचा थर द्यावा लागतो, आणि जमीन व खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे लागते. हे कापड काही वजन पेलत नाही. ओली चिकणमाती चाकाच्या दाबाने वर खडीत घुसते आणि खडी खाली मातीत बुडते, ती अदलाबदल ते थांबवते. अवजड वाहन कधीमधी जरी आत येणार असेल, तर 80 मिमी जाडीचे ब्लॉक घ्यावेत. मात्र चांगल्या बेसवरचा 60 मिमीचा ब्लॉक हा खराब बेसवरच्या 80 मिमीच्या ब्लॉकपेक्षा केव्हाही जास्त टिकतो.

खडी दाबण्याच्या बाबतीत दोन गोष्टींवर सगळे ठरते: थर किती जाड घेतला आणि त्यात पाणी किती आहे. घरगुती कामावर येणारा 80-100 किलोचा प्लेट कॉम्पॅक्टर सुमारे 100 मिमीपर्यंतचाच थर तळापर्यंत दाबू शकतो. 200 मिमी खडी एकदम ओतून त्यावर तो दिवसभर फिरवला, तरी वरची साल कठीण होते आणि खालचा अर्धा भाग सैलच राहतो. वरून चालताना हे अजिबात कळत नाही, हीच अडचण आहे. म्हणून खडी दोन थरांत टाकावी आणि प्रत्येक थरावर यंत्र आडवे-उभे मिळून चार ते सहा वेळा फिरवावे. दाबल्यावर माल साधारण पाचवा हिस्सा खाली बसतो, हे मागवताना लक्षात ठेवावे. भिंतीलगत आणि कोपऱ्यांत यंत्राची प्लेट पोचत नाही, तिथे हाताची धुमस वापरावी. बहुतेक ड्राइव्हवे प्रथम याच कोपऱ्यांत बसतात.

पाण्याचा अंदाज हाताने येतो. भुकटीसह खडीचा बारीक माल मुठीत घट्ट आवळून मूठ उघडावी. गोळा टिकला आणि अंगठ्याने दाबल्यावर त्याचे सरळ दोन तुकडे झाले, तर ओल बरोबर आहे. मूठ उघडताच माल विस्कटला तर पाणी कमी आहे. बोटांतून पाणी आले किंवा तळहात चिखलाने भरला तर ते जास्त आहे. ओल योग्य असेल तर तिसऱ्या-चौथ्या फेरीत यंत्राचा आवाज बदलतो. आधी तो दबका येतो, मग टणटणीत येऊ लागतो आणि प्लेट जमिनीवर उडू लागते. शेवटची परीक्षा मात्र गाडीचीच. वाळू टाकण्यापूर्वी आपली कार त्या खडीवरून अगदी सावकाश न्यावी आणि शेजारी वाकून चाकाच्या पुढे पाहावे. चाकाच्या पुढे जमीन किंचित फुगून लाटेसारखी सरकताना दिसली, तर खाली ओली, मऊ जागा आहे आणि ती खणून काढल्याशिवाय पर्याय नाही. चाकाचा ठसाही उमटला नाही, तर पुढे जावे.

खडीचा माथा बंद झालेला असणे हीदेखील याच टप्प्यातली गोष्ट आहे, आणि ती फार वेळा राहून जाते. वर नुसती 40 मिमी खडी उघडी दिसत असेल आणि तिच्या फटींत बोट जात असेल, तर वरची वाळू पावसाच्या पाण्याबरोबर त्या फटींत उतरत राहील. बेस सरळ आणि वाळू पातळ, असा जो दुसरा प्रकार मी वर सांगितला, त्याचे हे नेहमीचे कारण असते. म्हणून शेवटच्या थरात बारीक माल भरून पृष्ठभाग घट्ट मिटवावा. पण फटी भरण्यापुरताच, त्याचा वेगळा जाड लेप देऊ नये.

कडेचा विचार वाळूच्या आधी करावा लागतो, म्हणून तो येथेच सांगतो. गाडी वळताना आणि ब्रेक लावताना ब्लॉकना आडवा धक्का देते. हा धक्का एका ब्लॉककडून दुसऱ्याकडे जात अखेर कडेला पोचतो. तिथे त्याला अडवणारे काही नसेल, तर शेवटची ओळ केसभर सरकते, तिच्या मागचा सांधा तेवढा रुंदावतो, त्यातली वाळू खाली उतरते आणि पुढच्या धक्क्याला मागची ओळही सरकते. आपल्याकडे एकाच बाजूचे ब्लॉक सरकले आहेत. बहुधा दुसऱ्या बाजूला भिंत किंवा पायरी असेल, आणि या बाजूला केवळ माती अथवा नंतर लावलेला सिमेंटचा गोला असेल. माती हा आधार नव्हे. वाळूवर किंवा मातीवर ओढलेला गोला पहिल्याच वर्षी तडकतो, कारण त्याच्या स्वतःच्या खाली काहीच नसते.

कर्ब, म्हणजे कडेला ब्लॉकना अडवणारा उभा दगड, टिकायचा तर तो ज्या बेसवर ब्लॉक आहेत त्याच बेसवर उभा राहायला हवा. म्हणून खोदाई आणि खडी ड्राइव्हवेच्या रुंदीच्या बाहेर किमान 150 ते 200 मिमी न्यावी. आपल्या 3 मीटर रुंदीसाठी एका बाजूला भिंत असेल, तर बेस सुमारे 3.2 मीटर रुंद होईल. या बाहेरच्या पट्टीवर 100 मिमी काँक्रीट टाकावे, ते ओले असतानाच कर्ब त्यात दोरीने सरळ बसवावेत, आणि त्यांच्या पाठीमागे उंचीच्या निम्म्याहून वर येईल असा काँक्रीटचा उतरता टेकू द्यावा. टेकू महत्त्वाचा, कारण कर्ब उलटतो तो बाहेरच्या बाजूला. कर्ब ब्लॉकच्या आधी बसवावेत आणि काँक्रीटला आठवडाभर पाणी मिळू द्यावे. दुसऱ्याच दिवशी त्याला खेटून प्लेट कॉम्पॅक्टर चालवला, तर काँक्रीट आतून फुटते आणि वरून काही दिसत नाही.

कर्ब उभे राहिले की त्यांच्या माथ्यावरून ढाळ पक्का होतो. शंभर मिमीला दोन मिमी, म्हणजे 3 मीटर रुंदीत 60 मिमी, एवढा ढाळ पुरतो, आणि तो घराच्या विरुद्ध बाजूला असावा. हा ढाळ खडीच्या थरातच द्यायचा असतो. सपाट खडीवर एका बाजूला वाळू जाड टाकून ढाळ काढला, तर आपण पुन्हा माझ्या त्या 70 मिमीच्या गोष्टीवर येऊ.

वाळू कोणती, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण माझ्या मते जाडीपेक्षा तो मोठा आहे. गादीसाठी जाडसर, धुतलेली, 4.75 मिमीच्या चाळणीतून जाणारी वाळू हवी. नैसर्गिक वाळूच हवी असे नाही. धुतलेली क्रश सँड चालते. चालत नाही ती खडीच्या यंत्राची भुकटी, जिला आपण कच म्हणतो, आणि ती स्वस्त असल्याने तीच सर्रास वापरली जाते. तिच्यातला पिठासारखा भाग पाणी धरून ठेवतो. भिजल्यावर चाकाचा दाब पडला की ती चिखल होऊन सांध्यांतून वर फुटते. पावसानंतर आपल्या सांध्यांच्या कडेला करड्या रंगाचे सुकलेले ओघळ दिसतात का, ते पाहावे. दिसत असतील, तर खाली बहुधा कच आहे आणि ती पूर्ण काढून टाकावी लागेल. नवी वाळू तपासायला पारदर्शक बाटली अर्धी वाळूने भरून वर पाणी घालावे, जोरात हलवावी आणि काही तास स्थिर ठेवावी. वाळूवर गाळाचा स्पष्ट जाड पट्टा बसला, तर माल परत करावा. अगदी पुसट रेघ चालते.

सिमेंट का नको, तेही इथेच सांगतो. खडीवरची ही सगळी रचना किंचित लवचिक असते: चाकाखाली थोडी दबते, पुन्हा वर येते. सिमेंट मिसळलेली वाळू तशी लवत नाही; तिचा पातळ, ठिसूळ पापुद्रा होतो, तो चाकाखाली फुटतो आणि त्याच्या तुकड्यांवर ब्लॉक डुगडुगू लागतात. शिवाय पाण्याची खाली उतरायची वाट बंद होते. खाली काँक्रीटचा स्लॅब असेल तर गोष्ट निराळी, पण ती पद्धतच वेगळी आहे आणि आपल्याकडे ती नाही.

वाळू पसरताना 30 मिमी बाहेरील व्यासाचे दोन सरळ पाइप दाबलेल्या खडीवर ठेवावेत, त्यांच्या मध्ये किंचित ओलसर वाळू ओतावी आणि पाइपांवरून अॅल्युमिनियमची पट्टी ओढावी. पाइप काढल्यावर पडलेल्या चरांत वाळू भरून ती थापीने सारखी करावी. यानंतर त्या वाळूवर कोणाचाही पाय पडू नये. पाय पडलेली जागा आधीच दबलेली असते, म्हणून तिथला ब्लॉक नंतर शेजाऱ्यांइतका खाली बसत नाही. बसवणाऱ्याने आधी बसवलेल्या ब्लॉकवर उभे राहून पुढे सरकावे, आणि तासाभरात झाकता येईल एवढीच वाळू पसरावी. आपल्या 30 चौरस मीटरला मोजून 0.9 घनमीटर वाळू लागते. वाया जाणे धरून 1.1 मागवावी.

ब्लॉकची मांडणी गाडीसाठी हेरिंगबोन, म्हणजे काटकोनात एकमेकांत गुंफलेली, असावी. सरळ ओळींची मांडणी धक्क्याच्या दिशेने सहज उघडते. सांधे 2 ते 4 मिमी ठेवावेत. ब्लॉक एकमेकांना अगदी घासून बसवले तर वाळूला जागाच उरत नाही आणि कडा टवके होऊन उडतात. जुने ब्लॉक आपण पुन्हा वापरू शकता, मात्र त्यांच्या बाजूंना चिकटलेली वाळू खरवडून काढावी, नाहीतर चार ओळींतच रेषा तिरकी होते. कडेला कापलेला तुकडा मूळ ब्लॉकच्या एकतृतीयांशाहून लहान येत असेल, तर शेजारचा ब्लॉकही कापून दोन मध्यम तुकडे करावेत. लहान तुकडा चाकाखाली टिकत नाही.

सगळे ब्लॉक बसले की सांध्यांत काहीही न भरता कॉम्पॅक्टरची पहिली फेरी द्यावी. प्लेटखाली रबराची चटई बांधावी, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. जिथे काम अर्धवट थांबले आहे आणि पुढे आधार नाही, त्या टोकापासून एक मीटर दूर राहावे. या फेरीत ब्लॉक 5 मिमीच्या आसपास खाली बसतात, म्हणून बसवताना ते कर्बपेक्षा तेवढे उंच ठेवलेले असावेत. याच वेळी खालची वाळू सांध्यांत थोडी वर चढते आणि ब्लॉकना तळाकडून पकडते. सांधे आधीच वरून भरले, तर ही पकड मिळत नाही.

सांध्यांची वाळू गादीच्या वाळूपेक्षा बारीक, 2.36 मिमीच्या चाळणीतून गेलेली आणि पूर्ण कोरडी लागते. ओलसर वाळू सांध्याच्या तोंडाशीच अडकते. वरून सांधा भरलेला दिसतो आणि आत पोकळी राहते. म्हणून कोरडा दिवस पाहावा आणि वाळू ताडपत्रीवर उन्हात पसरून सुकवावी. झाडूने ती तिरप्या दिशेने सारावी, यंत्र फिरवावे, वाळू खाली गेली की पुन्हा सारावी. असे दोन-तीनदा करावे लागते. एका फेरीत सांधे भरले असे कोणी म्हणाले, तर विश्वास ठेवू नये. मी एक साधी परीक्षा घेतो: चाकूचे पातळ पाते दहा-बारा ठिकाणी सांध्यांत दाबून पाहतो. ते 5 मिमीपेक्षा जास्त आत गेले, तर तिथे पोकळी आहे. त्यानंतर आपण ब्लॉक उघडताना वापरलेले तेच दोन स्क्रू ड्रायव्हर घेऊन मधला एखादा ब्लॉक उचलायचा प्रयत्न करावा. शेजारचे ब्लॉक हलल्याशिवाय तो उठत नसेल, तर सांधे खरोखर भरले आहेत आणि गाडी त्याच दिवशी आत आणता येईल.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत वाहतूक आणि पाऊस यांमुळे सांधे थोडे खाली जातातच. तेव्हा तीच कोरडी वाळू पुन्हा एकदा सारावी, यंत्राची गरज नाही. त्यासाठी एक पोते बाजूला झाकून ठेवावे. आणि तोपर्यंत ड्राइव्हवे धुवायला जोराच्या पाण्याचा फवारा वापरू नये.